अपवाद आला की सक्ती गेली

कॉलेजच्या ऑफिसात हजेरीच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला सगळे पाऊणकाका म्हणत. शंभरातल्या पंचाहत्तर तासांना जो बसला तो परीक्षेला बसला, बाकीच्यांची नावं फळ्यावर, हा नियम ते सव्वीस वर्षं सांभाळत आले होते. महिनाअखेरीला प्राध्यापकांकडून हजेरीपट यायचे, काका बेरजा मारायचे, टक्के काढायचे. खिडकीशी एखादा पोरगा गयावया करू लागला की म्हणायचे, "बाळा, पाऊण म्हणजे पाऊण. पावणेपाऊण असं काही नसतं." पोरं हसत हसत रडकुंडीला यायची.

असा हा माणूस त्या सहामाहीत एका आकड्यापुढे हतबल होऊन बसला होता. आकडा होता एकसष्ट, आणि तो त्यांच्या सख्ख्या भाचीचा होता.

भाची शिकायला मामाकडे राहत होती. उन्हाळी सुट्टीनंतर मामी जिन्यावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. मामांनी रजेचा अर्ज केला तर प्रवेशाचे दिवस, रजा मिळाली नाही. मग भाची घरी थांबली. बेडपॅन, अंघोळ, औषधं, सगळं तिनं केलं, आणि तिकडे कॉलेजात हजेरीपटावर रोज तिच्या नावापुढे 'गै' पडत गेला. महिनाअखेरीला ते सगळे 'गै' मोजायला मामाच! स्वतः आजारी असती तर डॉक्टरचा दाखला चालला असता. मामीच्या हाडाचा दाखला भाचीला चालत नाही.

एकच फट होती. साठ ते पंचाहत्तरच्या मधल्यांना प्राचार्य आपल्या अधिकारात सूट देऊ शकत. मामांनी मंगळवारी अर्ज नेऊन ठेवला. साहेब भले माणूस. म्हणाले, "अहो, असं पोर मी परीक्षेबाहेर ठेवीन का? गुरुवारची वादविवाद स्पर्धा आटपू दे, शुक्रवारी सही करतो."

स्पर्धेत भाचीही होती. बुधवारी चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. विषय होता 'महाविद्यालयात वर्गातील हजेरी सक्तीची असावी', आणि चिठ्ठीनं तिला दिली अनुकूल बाजू. त्यातही पहिली वक्ती.

"मामा, माझी हजेरी एकसष्ट टक्के आणि मीच सक्तीच्या बाजूनं बोलू?"

"नाटकात खलनायक करणारा घरी कुणाचा गळा दाबतो का? चिठ्ठीत आलं ते मनापासून करायचं."

स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मामी खुर्चीत प्रेक्षक, मामांच्या हातात घड्याळ. पहिल्या वक्त्याला तीन मिनिटं. त्यात विषय मांडायचा, शब्दांच्या व्याख्या करायच्या, आपल्या बाजूचे मुद्दे सांगायचे आणि पुढच्या जोडीदाराला वाट करून द्यायची. दोन मिनिटांना इशाऱ्याची घंटा, तिसऱ्याला शेवटची. नाटकात घंटा झाली की पडदा वर जातो, इथं घंटा झाली की खाली बसायचं.

पोरगी सुरेख बोलायची. पण भाषण प्रत्येक वेळी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपायचं.

"वीस सेकंद उरतात," मामा म्हणाले. "उरलेला वेळ म्हणजे गुण वाया."

"मग काय घालू? पाणी?"

"व्याख्या पक्की कर. हजेरी म्हणजे काय ते सांगतेस, सक्ती म्हणजे काय ते कुठं सांगतेस?" आणि सव्वीस वर्षं खिडकीवर घासून गुळगुळीत झालेलं वाक्य त्यांनी तिला देऊन टाकलं. "म्हणावं, अपवाद आला की सक्ती गेली. ज्या नियमाला कारण सांगून वाकवता येतं तो नियम नव्हे, ती विनंती."

"वा!" मामीनं खुर्चीतूनच टाळी वाजवली. "हे मात्र झकास हं!"

गुरुवारी सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्षस्थानी प्राचार्य. मामा ऑफिसला कुलूप लावून मागच्या दाराशी उभे राहिले. भाची उठली, नमस्कार केला आणि सुरुवात केली.

"अध्यक्ष महाराज, वर्ग म्हणजे चार भिंती नव्हेत. एकाला पडलेला प्रश्न दुसऱ्याच्या कानावर पडतो, ती जागा म्हणजे वर्ग. पुस्तक घरी वाचता येतं, पण शेजाऱ्याची शंका घरी ऐकू येत नाही. माझे प्रतिस्पर्धी म्हणतील, शिकवणं चांगलं असेल तर मुलं आपणहून येतील. मी विचारते, पहिल्या दिवशी न आलेल्याला शिकवणं चांगलं आहे हे कळणार कसं?"

हशा पिकला. दोन मिनिटांची घंटा झाली. मामांचा ऊर भरून आला. चाळिसाव्या सेकंदाला मुद्दे संपले आणि तिनं क्षणभर थांबून समोर पाहिलं.

"आणि जाता जाता, सक्तीची व्याख्या. अपवाद आला की सक्ती गेली. ज्या नियमाला कारण सांगून वाकवता येतं, तो नियम नव्हे, ती विनंती. आमची बाजू नियमाची आहे, विनंतीची नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटची घंटा त्यात बुडाली. साहेबही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांचे हात हळू झाले, आणि त्यांची नजर मागच्या दाराशी उभ्या मामांवर गेली. फाइलमधला अर्ज त्या दोघांनाच एकाच क्षणी आठवला होता.

प्रतिकूल बाजूच्या पोरानं ती व्याख्या लगेच उचलली. "म्हणजे घरी आई आजारी असली तरी यांच्या सक्तीत माफी नाही. ऐका मंडळी!" भाचीचा जोडीदार काय करणार? पहिलीनं केलेली व्याख्या दुसऱ्याला मोडता येत नाही. त्यानंही ठासून सांगितलं, "नाही, माफी नाही!"

त्यांची बाजू जिंकली. उत्कृष्ट वक्तीचं प्रमाणपत्र भाचीला जाहीर झालं, ते शुक्रवारी मिळायचं होतं.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी मामांना बसायला सांगितलं. एरवी बोलणं उभ्याउभ्याच व्हायचं.

"काका, या फाइलीत आणखी चौदा अर्ज आहेत. काल ती पोरं सभागृहात होती. आता मी हिला सूट दिली तर तेच वाक्य मला ऐकवतील. आणि चौदाही जणांना दिली तर विद्यापीठ मला जाब विचारेल."

"साहेब, ते वाक्य तिचं नाही हो. माझं आहे. वीस सेकंद भरायला दिलं होतं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "सव्वीस वर्षं तुम्हीच हे पोरांना ऐकवत आलात. मग मी तुमच्यापुढे काय बोलणार?"

पंधराही अर्ज नामंजूर झाले. दुपारी मामांनी यादी टाइप केली, बेरजा दोनदा तपासल्या, चूक निघेल या वेड्या आशेनं तिसऱ्यांदाही. एकसष्ट ते एकसष्टच. यादी फळ्याला टाचणीनं लावताना भाची मागे येऊन उभी राहिली. तिनं आपला क्रमांक वाचला.

"म्हणजे सहामाही पुन्हा?"

"पुन्हा."

"मामीला सांगू नका आज. तिला वाटेल, तिच्यामुळे."

घरी मामी काठी टेकत स्वतः दारापर्यंत आली होती. "आली माझी वक्ती! ते प्रमाणपत्र इकडे आण. आणि मला भाषण ऐकव बाई, सभागृहात केलंस तसंच. अहो, तुम्ही घड्याळ धरा."

भाची भिंतीशी उभी राहिली. मामांनी घड्याळ धरलं. शेजाऱ्याची शंका आली, पहिला दिवस आला, मामी खुदकन हसली. दोन मिनिटं चाळीस सेकंदांना भाची थांबली. तिनं मामांकडे पाहिलं. मामा काट्याकडे बघत राहिले.

"संपलं का? ते झकास वाक्य राहिलं ना गं! आणि अशी उभी का?"

"वेळ आहे अजून, मामी," भाची म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.