पुढे दोन, मागे तीन

माझी आत्या नाणी वाचते. म्हणजे जमवत नाही हं, वाचते फक्त. जमवणारे वेगळे, ते पैसेवाले असतात, ते फोटो पाठवतात आणि आत्या त्यांना सांगते की तुमच्या नाण्यावर काय लिहिलंय. बाकी दिवसभर ती एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लोकांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले आणि औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या भाषांतरित करते. रशियन ती कॉलेजात असताना शिकली. तेव्हा एक मशीनचा कारखाना रशियन येणाऱ्यांना घेणार होता. तिचा डिप्लोमा झाला आणि कारखान्याला कुलूप लागलं. ती म्हणते, "माझ्यासारखं टायमिंग तर नवऱ्यालाही जमलं नाही, तो निदान लग्नानंतर पळाला."

अशी आहे ती. रडायच्या जागी जोक मारते आणि आपण रडायला लागलो की आपल्याला टपली मारते.

नाणं वाचायची तिची पद्धत एकदम कडक. गोल फिरलेली अक्षरं मोबाईलवर वाचायला गेलं की आपण मोबाईल फिरवतो आणि तो शहाणा स्क्रीनही सोबत फिरवतो. म्हणून ती फोटो छापते, गोल कापते, स्टीलच्या ताटलीत ठेवते आणि ताटली फिरवते. वर्तुळाला सुरुवात कुठे असते? कुठेच नसते. मग ती मोकळी जागा शोधते, खूण शोधते, आणि तिथून एकेक अक्षर उतरवते. आधी जसंच्या तसं, मग आपल्या लिपीत, मग अर्थ. झिजलेलं अक्षर अंदाजाने भरलं तर चौकटी कंसात. आणि जे दिसत नाही ते लिहायचंच नाही, गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी.

आता गंमत ऐका. इतकी वर्षं नाणी वाचून आत्याने एकही जुनं नाणं कधी हातात धरलेलं नाही. गावातल्या नाणेप्रेमी मंडळाचा नियम असा की नाण्यांच्या ट्रेला हात फक्त सभासद लावणार. आणि सभासद व्हायला दोन सभासदांनी नाव सुचवायला लागतं. आत्या दर महिन्याच्या बैठकीला दाराजवळच्या स्टुलावर बसते, लेबलं तिनेच लिहिलेली असतात, आणि सगळे काका लोक तिच्या डोळ्यांसमोर नाणी गोंजारत असतात. मला इतका राग येतो! ती म्हणते, "अगं, मिठाई काचेच्या आत असते, मी बाहेर. चव तर मला पाठ आहे."

पण तिला हवं होतं. खूप हवं होतं. मला माहितीये, कारण एकदा कोणाच्या तरी ट्रेकडे बघताना तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने तो परत घेऊन पदराला पुसला. काही लागलेलंच नव्हतं.

तर मंडळातले एक दातांचे डॉक्टर. रिटायर झालेत. सगळं जग त्यांना हिरडीसारखं दिसतं, जरा दाबून बघतात. नाण्याला बोट लागलं तर डाग पडतो या भीतीने ते नाणी चिमट्यानेसुद्धा उचलत नाहीत. फोटो काढायचा आणि नाणी थेट बँकेच्या लॉकरमध्ये. त्यांनी शुक्रवारी आत्याला एका नाण्याचे दोन फोटो पाठवले, पुढची बाजू आणि मागची बाजू, छान गोल कापून.

पुढच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि भोवती अक्षरं. आत्याने ताटली फिरवली, उतरवलं: "म्येदनाया रोसिइस्काया मोनेता, द्वे कोपेइकी." तांब्याचं रशियन नाणं, दोन कोपेक. जुनी लिपी होती, त्यातलं एक अक्षर तर पुढे वर्णमालेतूनच हाकलून दिलं गेलं. मागच्या बाजूला मोठ्ठा तीनचा आकडा, खाली कोपेक, १९१२ आणि टांकसाळीची अक्षरं.

आत्या थांबली. म्हणाली, "अरे देवा. पुढे दोन, मागे तीन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एकतर टांकसाळीत कोणीतरी झोपेत होतं, नाहीतर डॉक्टर."

तिने फोन केला. कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा भाग, तीन कोपेकांना फार जुन्या काळी अल्तिन म्हणायचे, हे सगळं सांगितलं आणि मग विचारलं, दोन्ही फोटो एकाच नाण्याचे ना? पण डॉक्टर ऐकतायत कुठे! एका नाण्याचा पुढचा साचा आणि दुसऱ्याचा मागचा साचा चुकून एकत्र बसला तर जे नाणं निघतं त्याला जमवणारे खेचर म्हणतात. फार दुर्मिळ. फोनमधून आवाज आला, "खेचर! माझ्याकडे खेचर आहे!" दुकानातल्या झेरॉक्सवाल्या काकांनी मान वर करून विचारलं, "कोणाकडे?"

तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर बातमी पोहोचली होती. रविवारच्या बैठकीत डॉक्टर खेचर सादर करणार. आणि संध्याकाळी त्यांनी आत्याला फोन करून सांगितलं, "ताई, तुमच्या वाचनामुळे हे सापडलं. रविवारी तुमचं नाव मी सुचवणार, अध्यक्ष अनुमोदन देणार. सभासद करून टाकतो तुम्हाला."

 आत्या फोन ठेवून ताटली घासत बसली. स्वच्छ ताटली!

रविवारी दुपारी डॉक्टर स्वतः दुकानात हजर. बैठकीत भिंतीवर लावायला मोठी प्रिंट हवी होती, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मूळ फोटो दिले, न कापलेले. कॉम्प्युटरवर फोटो उघडले आणि आत्याच्या भुवया वर गेल्या.

फोटोत नाणी दोन होती.

"डॉक्टर, हे शेजारी कोण?"

"ते नेहमीचं हो. एकाच डब्यातून आलेली दोन. मला डावीकडचं आवडलं, ते तुम्हाला पाठवलं."

"डावीकडचं. बरं. आणि उलटी कशी केली? हात तर लावत नाही तुम्ही."

डॉक्टरांची छाती फुगली. "युक्ती आहे! मखमलीचा एक ट्रे, त्यावर दुसरा ट्रे झाकायचा, आणि पुस्तकाचं पान उलटतो तसा अख्खा सेट पालथा. वरचा ट्रे काढला की मागची बाजू तयार. बोटाचा स्पर्श नाही."

आत्याने शांतपणे माझ्याकडे हात केला. "खोडरबर दे. आणि शार्पनर."

तिने एका पुठ्ठ्यावर डावीकडे शार्पनर ठेवला, उजवीकडे खोडरबर. वर दुसरा पुठ्ठा. पान उलटतात तसं पालथं केलं आणि वरचा पुठ्ठा काढला. शार्पनर उजवीकडे.

 डॉक्टर पुठ्ठ्यावर वाकून बघायला लागले.

"पहिल्या फोटोत डावीकडचं नाणं लहान आहे," आत्या म्हणाली, "दुसऱ्या फोटोत डावीकडचं मोठं. तुम्ही दोन्ही वेळा डावीकडचंच कापलंत आणि कापताना दोघांना एका मापाचं केलंत. दोन कोपेकचं तोंड, तीन कोपेकची पाठ."

"फोटो आहे, कॅमेरा जवळ-लांब झाला असेल."

"एकाच फोटोत? एकासाठी जवळ आणि दुसऱ्यासाठी लांब?"

डॉक्टर लालबुंद. मग एकदम आवाज खाली, अगदी इंजेक्शन देण्याआधीचा. "ताई, लॉकर उद्या उघडेल. आज फक्त भाषांतर वाचा. भाषांतर तर बरोबर आहे ना? जे लिहिलंय तेच वाचायचं. मग तुमचं नाव सुचवतो. उद्या काही निघालं तर बघू. सभासदत्व काही परत घेत नाहीत."

मी आत्याकडे बघत होते. तुम्हाला खरं सांगू? मला वाटलं, वाच ना गं. वाच आणि हो सभासद, खड्ड्यात गेलं खेचर! तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना.  तिने प्रिंट गुंडाळल्या आणि आम्ही निघालो.

बैठकीत भिंतीवर हे भलंमोठं खेचर. अध्यक्ष हार्डवेअरचे व्यापारी, बोलतात ते खिळे ठोकल्यासारखं. "आता आपल्या भाषांतरकार ताई वाचतील. त्यांच्याविषयी डॉक्टरांना नंतर एक सूचना मांडायची आहे." सगळ्यांनी स्टुलाकडे बघून टाळ्या वाजवल्या.

आत्या उठली. वाचलं. पुढची बाजू, अक्षरं, अर्थ. मागची बाजू, अक्षरं, अर्थ. डॉक्टर हसायला लागले. मग ती म्हणाली, "आणि शेरा. या दोन बाजू दोन वेगळ्या नाण्यांच्या आहेत." आणि पिशवीतून खोडरबर काढलं.

जो काय गोंधळ झाला! एक काका म्हणाले, "बाईंना नाण्यांतलं काय कळतं, कधी हात तरी लावलाय का?" आत्या म्हणाली, "नाही ना! तुम्हीच लावू देत नाही." दुसरे काका इतके हसले की त्यांची कवळी हलली, आणि ती डॉक्टरांनीच बसवलेली होती, त्यामुळे डॉक्टर आणखी चिडले. "उद्या साडेदहाला बँकेत या!" ते ओरडले. "तुमच्या तोंडावर उघडतो लॉकर. आणि सूचना रद्द!"

घरी येताना मीच रडले. आत्याने टपली मारली. "गप. त्या नाण्यावर काय लिहिलंय ते एवढंच मला येतं. तेही खोटं वाचू?"  मग म्हणाली, "सूचना मांडून मग रद्द करायला काय झालं होतं मेल्याला. निदान इतिवृत्तात तरी नाव आलं असतं."

सोमवारी बँकेत डॉक्टर आधीच येऊन बसले होते. लॉकरच्या खोलीत एक उंच टेबल आणि डोक्यावर पांढरा ट्यूबलाईट. त्यांनी डबी उघडली, मखमलीवर दोन नाणी, एक लहान, एक मोठं. आणि मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि थांबले. ट्रे आणलेले नव्हते. पालथं करायला काहीच नव्हतं.

ते नाण्याकडे बघतायत, आत्या त्यांच्याकडे बघतेय.

"उलटा ना," ती म्हणाली.

"डाग पडेल." मग दातओठ खात, "तुम्हीच बघा. म्हणजे नंतर म्हणायला नको की मी फिरवलं. कडेने धरा! फक्त कडेने! घाम आलाय का हाताला?"

आत्याने हात पुसला. यावेळी खरंच घाम होता. अंगठा आणि बोटाच्या मध्ये तिने लहान नाणं उचललं, आणि इतकी वर्षं ताटली फिरवणाऱ्या त्या बाईने पहिल्यांदा नाणं फिरवलं. दोन. पुढे दोन, मागे दोन. मग मोठं उचललं. तीन आणि तीन.

"ठेवा आता," डॉक्टर म्हणाले.

"थांबा हो, कडा वाचतेय."

"कडेवर काय लिहिलंय?"

"काही नाही," आत्या म्हणाली, आणि नाणं हळूहळू पूर्ण गोल फिरवत राहिली.