बंद झाकणाचा लॅपटॉप

आमचा महांतेश मारतहळ्ळीच्या खोलीत बसून कंपनीच्या गेमिंग लॅपटॉपवर नवे गेम तपासतो. समोर मोठा मॉनिटर, लॅपटॉपचं झाकण कायम बंद. मी त्याची अक्का, हार्डवेअरवाली, सांगून थकले, "अरे, हा कीबोर्डच्या फटींतून हवा ओढतो. झाकलास की तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो." गेम अडखळायचे आणि कंपनी ह्यालाच मंद म्हणायची.

काल चिडून मीच झाकण उघडलं. थोड्या वेळात पंखे शांत झाले, गेम सुरळीत पळू लागला.

"बघितलंस?"

महांतेश खुर्चीत ताठ बसला होता. झाकणातल्या कॅमेऱ्याचा दिवा लागला होता.

"अक्का, कंपनी बघतेय," तो ओठ न हलवता म्हणाला. "आता जेवायलासुद्धा उठता येणार नाही."