धुरपताबाईंचं चौकटीतलं वाक्य

धुरपताबाई सानगडीच्या बाजारात तीस वर्षांपासून भाजीचं दुकान लावतात. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं. तोंडानं फटकळ, वजनाला चोख. आमच्या पॉडकास्टचा निवेदक प्रविण त्यांच्याशी पन्नास मिनिटं बोलून आला आणि रेकॉर्डिंग माझ्यापुढे टाकून मोकळा झाला. ऐकायला सगळ्यांना आवडतं, लिहायला मात्र तृप्ती!

माझं काम बोलण्याचा लेख करायचं. मशीन बोलणं उतरवून देतं, पण आमच्या भागातली झाडीबोली ऐकली की ते बावचळतं, म्हणून मी कानाला लावून ओळ न् ओळ तपासते. मग अं-अं काढायचे, इकडेतिकडे विखुरलेला विषय एकत्र आणायचा, उपशीर्षकं द्यायची. आणि पुलकोट, म्हणजे मजकुरातलंच एखादं वाक्य जसंच्या तसं उचलून मोठ्या अक्षरात चौकटीत लावायचं. भंडाऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात असं वाक्य हेरण्यात माझा हात कोणी धरत नाही, असा माझा समज होता.

धुरपताबाईंच्या बोलण्यात ते चोविसाव्या मिनिटाला सापडलं. "तो गेला त्या दिवशी मी पोटभर जेवली." तो म्हणजे त्यांचा नवरा. मी खुर्चीतच ताठ झाले. वाक्य चौकटीत लावलं, तिथेच तो भाग संपवला आणि पुढे नवं उपशीर्षक दिलं: 'एकटीनं वाढवलेलं पोर'. लेख टाकला आणि खुशीत घरी गेले.

तिसऱ्या दिवशी प्रविणचा फोन. "तृप्ती, काय करून ठेवलं तू? गावातल्या पोट्ट्यांनी ते चौकटीतलं वाक्य स्टेटसले ठेवलं. अंकुश मायसंग बोलून नाही राहिला. जेवत बी नाही तिच्या हातचं."

अंकुश हा धुरपताबाईंचा एकुलता एक मुलगा. बाप गेल्यावर चार महिन्यांनी जन्मलेला.

मी लेख उघडला. चौकटीनंतर उपशीर्षक, आणि त्याच्याखाली पहिलंच वाक्य: "पोटात पोरगं होतं, त्याले कायले उपाशी ठेवू?" एका श्वासात बोललेली दोन वाक्यं, आणि मधे मी माझं शीर्षक घुसवलेलं! मोबाइलवर चौकट वाचून लोक तिथेच थांबले. खाली कोण जातं? माझी मलाच शरम वाटली.

साकोलीला गाडी बदलून मी आणि प्रविण सानगडीला पोचलो. अंकुश दारातच उभा होता. "आता काय पाहाले आले? माझा बाप मेला अन् हे बाई जेवत बसली, अजून काही छापाचं राह्यलं का?"

मी मोबाइलवर चोविसावं मिनिट लावून त्याच्या हातात दिलं. पहिलं वाक्य आलं तसा त्याचा चेहरा आवळला. दुसरं आलं. त्यानं ते मागे नेऊन परत ऐकलं. मग आत गेला आणि पाटावर बसून म्हणाला, "माय, भूक लागली."

धुरपताबाईंनी त्याला वाढलं, आम्हालाही वाढलं. माझा जीव भांड्यात पडला. निघताना मी त्यांचे हात धरले. "मावशी, चुकलं माझं. दोन्ही वाक्यं एकाच चौकटीत लावते मी आजच."

प्रविण पुढे गेला होता. त्या मला सोडायला स्टँडपर्यंत आल्या. पाण्याच्या टाकीपाशी थांबल्या, मागे घराकडे एकदा पाहून घेतलं.

"लाव बाई, दोन्ही लाव. अंकुशले तेच बरं हाये," त्या म्हणाल्या. "पण तू काई चुकली नाही. ते दुसरं मी प्रविणच्या तोंडाकडे पाहून बोलली. पहिलं बोलून गेली अन् तो पोरगा कसा पांढरा पडला, म्हून."

मला काही कळेना. "म्हणजे?"

"शेजारून भात-वरण आलं होतं. चार वर्सं झाली होती लग्नाले. त्या दिवशी पयल्यांदा माझं ताट कोनी लाथाडलं नाही."

बाजारात भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात. पन्नास मिनिटांचं बोलणं मी तीनदा ऐकलं होतं. त्यात मार नव्हता, शिवी नव्हती, हे ताट तर कुठेच नव्हतं. स्टँडवर गाडी लागली तेव्हा त्यांनीच मला दंडाला धरून चढवलं.

रस्ताभर प्रविण बोलत होता, मी हूं हूं करत होते. ऑफिसात येऊन चौकट उघडली. पहिल्या वाक्यापुढे दुसरं जोडलं आणि लेख पुन्हा टाकला. ते दुसरं वाक्य मी जसंच्या तसंच ठेवलं.