घडीमावशीचे न दिसलेले महिने

कामगार न्यायालयात वकिली करून माझा स्वभाव आधीच तिरसट झालाय. त्यात घडीमावशी आली आणि खुर्चीत न बसता म्हणाली, "वकीलबाई, मी तुम्हाला दिसते ना?"

"दिसताय की! बसा आधी," मी खेकसले.

बसली बिचारी. रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात तिची उभी हयात घड्या घालण्यात गेली होती. चादरीची चारही टोकं आत दुमडायची, कड बाहेर दिसायची नाही. म्हणून सगळे तिला घडीमावशी म्हणत. रक्ताने माखलेल्या चादरींना हातमोजे मागितले म्हणून मुकादम तोंडीच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." कागद नाही, चौकशी नाही. ते मागच्या थंडीच्या सुरुवातीला.

"आणि आलात कधी? आता? कामावरून काढल्यापासून वर्षाच्या आत दावा लावायचा असतो, मावशी. दोन महिने उशीर झालाय. एवढे दिवस काय करत होतात?"

"त्या दिवशी मी मेले ना," ती अगदी साधेपणाने म्हणाली.

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

हळूहळू समजलं ते असं. दुसऱ्या दिवशीही ती कामावर गेली होती. कोणी अडवलं नाही. पण कोणी बोललंही नाही. त्या कारखान्यात ही रीतच होती. मुकादमाने काढलेल्या माणसाकडे बघायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. जो मारेल तो पुढचा. वीस वर्षांपासूनची मैत्रीण तिच्या अंगावरून हात लांबवून गठ्ठा उचलायची. ती रोज घड्या घालत राहिली, आणि बायका तिच्यातून आरपार भिंतीकडे बघत राहिल्या. उन्हाळा संपता संपता मुकादमाने कारखान्याच्या दाराचं कुलूप बदललं, तिला आत जाता येईना. मग ती घरात बसली. लेकीने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं, तेव्हा कुठे थोडी माणसात आली.

उशीर माफ होतो, नाही असं नाही. पण सबळ कारण लागतं, आणि उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं. आजारपण चालतं, पण डॉक्टरचा दाखला शेवटच्या काही आठवड्यांचाच होता. आधीच्या महिन्यांचं काय? म्हटलं, कोणी तरी साक्ष देईल. तिला घेऊन मी कारखान्यात गेले.

वाफेने कोंदलेली खोली. घडीच्या लांब टेबलाशी सहा बायका, आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी. ती मैत्रीण दाराशी आली, माझ्याकडे बघून हसली. मावशी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"या ना वकीलबाई," मैत्रीण म्हणाली. "एकट्याच आलात?"

खोटं कशाला बोलू, मी दचकून शेजारी पाहिलं. मावशी होती. तरी तिचा दंड चाचपून पाहिला मी. मेलं माझंच डोकं फिरायची वेळ आली होती. साक्ष द्यायला कोणी तयार झालं नाही.

उशीर माफ करण्याच्या अर्जावर सुनावणी लागली. शिपायाने मावशीच्या नावाचा पुकारा केला. ती शेजारीच बसलेली, पण हूं नाही की चूं नाही. मीच "हजर" म्हणाले. अर्ज फेटाळला गेला तर दावा दारातच संपणार होता.

मालकाच्या वकिलाने मुकादमाला शपथेवर उभं केलं. "या बाई मनाने आजारी होत्या, असं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

"छे हो! नाटकं नुसती!" मुकादम तावातावाने म्हणाला. "चांगली ठणठणीत होती. उन्हाळा संपेपर्यंत रोज माझ्या डोळ्यांसमोर घड्या घालत होती. एक चादर चुकली नाही तिची!"

वकिलाचा चेहरा उतरला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"उन्हाळा संपेपर्यंत? आणि तुमच्या म्हणण्यानुसार काढलं थंडीत. मग इतके महिने काम कोण घेत होतं?"

मुकादम मालकाच्या वकिलाकडे बघायला लागला.

न्यायाधीशबाईंनी तिथेच सांगितलं. काम खरंच सुटलं कुलूप बदललं तेव्हा, असं सकृद्दर्शनी दिसतं, आणि तिथून मोजलं तर दावा मुदतीतच आहे. तरीही उशीर धरला, तर या बाईशी जे घडलं ते माफीला पुरेसं कारण आहे. काढणं योग्य होतं की नाही, ते पुढे पुराव्यावर ठरेल. दावा दाखल करून घ्या.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मावशीचा हात दाबून म्हटलं, "अहो, जिंकलो आपण! निदान दार तरी उघडलं!"

तिचं लक्ष नव्हतं. ती मुकादमाकडे बघत होती.

"वकीलबाई, तो काय म्हणाला? डोळ्यांसमोर?"

"हो."

"म्हणजे दिसत होते मी," ती म्हणाली. "सगळ्यांना. रोज."

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती रडायला लागली. शिपायाने पुढच्या तारखेसाठी तिचं नाव पुकारलं, तेव्हा माझ्या आधी तीच उठून उभी राहिली.