चार बाइट कुठे गेले?

मी आयुष्यात फार कमी वेळा छातीठोकपणे बोललो आहे, आणि जेव्हा बोललो तेव्हा हमखास तोंडावर आपटलो आहे. लवळ्याच्या टेकडीवर आपटलो तो आवाज मात्र आजही माझ्या कानात आहे.

दोन हजार सात सालच्या आसपासची गोष्ट. पिरंगुटला एका छोट्या कंपनीत मी नेटवर्क इंजिनिअर होतो. आमचं काम म्हणजे एखाद्याचं पुण्यातलं ऑफिस आणि मुळशीतलं ऑफिस आमच्या केबलने जोडून द्यायचं. नगरहून आलेला, पंचवीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्र आणि कमरेला मोबाइलचं पाकीट. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालत नव्हतं, पण दोन दिसायला बरी दिसतात.

एका कॉलेजने लवळ्याला नवं कॅम्पस बांधलं होतं, जुनं शहरात होतंच. दोन्हीकडचं नेटवर्क एक करायचं होतं. ते सांभाळणाऱ्या मॅडम पंचेचाळिशीच्या, मूळच्या लातूरच्या. शहरातलं सगळं जाळं नऊ वर्षांत त्यांनी एकटीने उभं केलं होतं आणि तरी त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. संचालकांची सही झाली तर पुढचं वर्ष, नाही तर नमस्कार.

मॅडमनी प्रत्येक विभागाला एक नंबर दिला होता. ऑफिसला दहा, कॉम्प्युटर लॅबला वीस, लायब्ररीला तीस, फोनला चाळीस. वायरीवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर, या नंबरचा एक टॅग असतो. त्यावरून स्विचला, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या पेटीला, कळतं की हे पुडकं लॅबचं, ते फोनचं. याला व्हीलॅन म्हणतात. भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटवर त्यांनी त्या नंबरचा स्टिकर स्वतःच्या हाताने चिकटवला होता.

पंचाईत अशी की पिरंगुटच्या एका कारखान्यानेही आपल्याकडे वीस नंबर घेतला होता, आणि तो कारखाना पण आमचाच ग्राहक. आमच्या केबलवर दोन वीस एकत्र आले की कॉलेजची लॅब कारखान्याच्या ऑफिसात घुसणार. तोवर आम्ही काय करायचो? ग्राहकाला बेधडक सांगायचो, तुमचे नंबर बदला. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनेही मॅडमना तेच सांगितलं होतं, म्हणून मॅडमनी त्यांना वाटेला लावलं होतं.

मी मात्र नुकतंच एक नवं शस्त्र शिकून आलो होतो. टॅगवर टॅग. ग्राहकाचा नंबर जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याच्या बाहेरून आपला एक चढवायचा. कॉलेजला बाहेरून पाचशे एक, कारखान्याला पाचशे दोन. आमचे स्विच फक्त बाहेरचा नंबर बघतात, आत वीस आहे की तीस याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दुसऱ्या टोकाला आमचा टॅग काढायचा आणि फ्रेम होती तशी परत द्यायची.

"म्हणजे बघा मॅडम," मी सुरू केलं, "इथल्या रिहे गावच्या भातगिरणीवर दोन शेतकरी आले. दोघांच्याही पोत्यांवर एक, दोन, तीन लिहिलंय. मग गिरणीवाला काय करतो, एकाच्या पोत्यांना लाल सुतळी बांधतो, दुसऱ्याच्या..."

"क्यू-इन-क्यू," मॅडमनी माझ्या शस्त्राचं नावच सांगून टाकलं. "वाचलंय मी. माझा एकही नंबर बदलावा लागणार नाही ना, तेवढं सांगा."

"एकही नाही मॅडम. माझा शब्द."

त्या शब्दावर त्यांनी संचालकांकडे आमच्या कंपनीसाठी शब्द टाकला. मी गिरणीची गोष्ट अर्धी राहिली म्हणून मनातून खट्टू झालो होतो. काय सांगायचं, असा होतो मी.

काम दोन दिवसांत उरकलं. शहरातला आमचा स्विच, लवळ्यातला आमचा स्विच, आणि मध्ये टेकडीच्या पायथ्याला एका शेतकरी कुटुंबाच्या पडवीतल्या खोलीत ठेवलेला जुना स्विच. मी दोन्ही टोकांना टॅग चढवले आणि लवळ्याच्या लॅबमधून शहरातल्या लॅबला पिंग केलं. पिंग म्हणजे एक छोटं पुडकं पाठवून "आहेस का रे?" असं विचारायचं. पटकन उत्तर आलं. मी "लिंक तपासली, उत्तम" असं लिहून सही ठोकली आणि कॅन्टीनमध्ये दोन प्लेट भजी हाणली.

सोमवारी मॅडमचा फोन आला. "फोन चालतायत, पण लॅबमध्ये फाइल कॉपी होत नाही. सुरू होते आणि अडकते. लायब्ररीचं पान अर्धंच उघडतं."

"तुम्ही आत्ता बोलताय तो फोन कुठला?"

"लवळ्यातलाच. तुमच्याच लिंकवरून."

"आवाज खणखणीत येतोय की! मग लिंक ठीकच आहे मॅडम. तुमच्याकडे काहीतरी असणार."

आमच्या धंद्यातलं हे लाडकं वाक्य. आमच्या बाजूने सगळं ओके. एकदा तोंडात बसलं की जात नाही.

बुधवारी संचालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तिथे मी फळ्यापाशी उभा राहून एक सिद्धांत मांडला. काय तर म्हणे, फोनचा चाळीस चालतो आणि लॅबचा वीस अडतो, याचा अर्थ लॅबच्या विसाची कारखान्याच्या विसाशी कुठेतरी टक्कर होते.

"बाहेरचा टॅग वेगळा आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग आतला वीस टक्कर कुणाशी घेईल? आणि तीस तर कारखान्याकडे नाहीच, तुम्हीच सांगितलंत. मग लायब्ररी का अडते?"

प्रश्न बिनतोड होता. टक्कर होऊ नये म्हणून तर टॅगवर टॅग, हेच मी त्यांना ऐकवून आलो होतो. पण संचालकांसमोर माघार कोण घेणार? मी हसून म्हणालो, "मॅडम, पुस्तकात नाही होत. फील्डमध्ये होतं असं."

अरे डोंबल तुझं फील्ड! आज तो मी समोर आला तर दोन्ही पेनं काढून घेईन. संचालकांनी मला लेखी द्यायला सांगितलं. मी दिलंही: दोष ग्राहकाच्या अंतर्गत नंबरांमध्ये, ते बदलावेत. संचालकांनी तो कागद मॅडमच्या नेमणुकीच्या फाइलवर ठेवला आणि म्हणाले, "शुक्रवारी बघू, मॅडम. आता नव्या तंत्राचा माणूस घ्यावा लागेल असं दिसतंय."

मॅडम उठून लॅबमध्ये गेल्या. त्यांनी लॅबचा नंबर बदलायला घेतला. दोन्ही कॅम्पसवर, स्विचवरचं केबल लावायचं एकेक भोक, म्हणजे पोर्ट, वीसचा दोनशे वीस. मी कॉरिडॉरमधून जाताना पाहिलं, त्या नखाने जुना स्टिकर खरवडत होत्या. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी "चालायचंच" म्हणून पुढे गेलो.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"नंबर बदलले. फाइल अजून अडकतेच. मी पिंगचा आकार वाढवत नेला. पुडक्याचे तुकडे करू नको असं सांगून. चौदाशे अडुसष्ट बाइटांचं जातं. चौदाशे एकोणसत्तर जात नाही. माझ्या इमारतीच्या आत चौदाशे बहात्तर जातं. चार बाइट कुठे गेले?"

चार बाइट कुठे गेले ते मला त्याच क्षणी कळलं. आमच्या टॅगचं वजनच चार बाइट. चौदाशे बहात्तरच्या पिंगवर पत्ते वगैरेंची वेष्टनं आणि मॅडमचा टॅग चढला की पूर्ण भरलेली फ्रेम एक हजार पाचशे बावीस बाइटांची. वर माझा टॅग चढला की ती पंधराशे सव्वीस होते. दोन्ही टोकांच्या स्विचना मी मोठ्या फ्रेम घ्यायला सांगितलं होतं. मधल्याला नाही. त्याला काय, फक्त बाहेरचा नंबर बघून पुढे ढकलायचं, असा माझा हिशेब. त्याची मर्यादा पंधराशे बावीसच होती. त्यापेक्षा मोठी फ्रेम दिसली की तो ती गुपचूप टाकून द्यायचा. फोनची पुडकी छोटी, माझं पिंग त्याहून छोटं, ती आरामात जायची. फाइलची पुडकी मात्र तुडुंब भरलेली, ती नेमकी पडायची.

मी गाडी काढून पायथ्याची खोली गाठली. त्याच स्विचवर असलेल्या कारखान्याला फोन करून पाच मिनिटं मागितली, स्विचची मर्यादा वाढवली आणि ती लागू व्हावी म्हणून तो बंद करून पुन्हा चालू केला. घरमालकीण काकू दारात उभ्या होत्या.

"काय वं, बंद करून चालू केलं म्हंजी झालं व्हय?"

"झालं, काकू."

"आमची मोटर बी तशीच हाय. त्येच्यासाटी येवढं शिकावं लागतं व्हय?"

मी मान खाली घालून लॅपटॉप उघडला. चौदाशे बहात्तर गेलं. तेवढ्यात आमच्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. लिंक चालू झाल्याचं सांगताच ते खूश झाले. "कागद आपला मागे घ्यायचा नाही हं. त्यांनी नंबर बदलले, लिंक चालू झाली. जुळतंय की सगळं. गप बस."

खरं सांगतो, टेकडी चढेपर्यंत मी गप बसायचंच ठरवलं होतं. केबिनमध्ये शिरलो तर मॅडम समोर बसलेल्या, फाइल उघडी, वर माझाच कागद. संचालकांनी विचारलं, "काय होतं शेवटी?"

"तांत्रिक बाब होती, सर," मी म्हणालो. "थोडं इकडचं, थोडं तिकडचं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्या फक्त बघत होत्या, आणि त्यांच्या नखाच्या कडेला स्टिकरचा डिंक काळा होऊन चिकटलेला होता.

"तिकडचं काही नाही, सर," माझ्या तोंडून निघालं. "सगळं आमचं. माझंच. मी मधला स्विच विसरलो, आणि मॅडमनी तो इथे बसून शोधून काढला. हा कागद चुकीचा आहे." मी फाइलवरचा कागद उचलला आणि त्यावरच तसं लिहून सही केली. पहिलं पेन चाललं नाही.

संचालकांनी मी लिहिलेलं वाचलं. मग त्यांनी खालचा कागद पुढे ओढून मॅडमच्या नेमणुकीवर सही केली. मला म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

बाहेर आल्यावर मी माफीची जुळवाजुळव करत होतो. मॅडम म्हणाल्या, "ते राहू द्या. लॅबचे चौसष्ट पोर्ट परत विसावर आणायचेत. तुम्ही पोर्ट बघून नंबर सांगा, मी टाइप करते."

मी लॅबच्या स्विचच्या रॅकपाशी बसलो. "पोर्ट एक, लॅब, वीस," मी म्हणालो.

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

"नक्की."

त्यांनी टाइप केलं. मी पुढचा सांगितला, "पोर्ट दोन, लॅब, वीस."

"नक्की?"

टोमणा नव्हता हो तो. त्यांचा आवाज अगदी साधा होता. माझ्या शब्दावर विसंबायचं नाही हे त्या शिकल्या होत्या, इतकंच. पहिल्या दहा-बारा पोर्टना मी बसल्या जागेवरून "नक्की" म्हणत राहिलो. त्यानंतर प्रत्येक वेळी उठलो, केबल हाताने धरून सॉकेटपर्यंत गेलो, बघितलं, आणि मगच परत येऊन नंबर सांगितला.