भाऊंनी रोखून धरलेले शेअर

आमच्या ब्रोकरच्या ऑफिसात सेटलमेंटचं, म्हणजे विकलेले शेअर देऊन पैसे घ्यायचं, टेबल भाऊंचं. मी शेजारी बसते, आणि खरं सांगते, सात वर्षांत मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी नवऱ्यावरही चिडले नसेन. माणूस लाखमोलाचा, पण संशयी. पूर्वी, ब्रोकर आपसातच हिशोब मिटवायचे तेव्हा, त्यांनी मोठ्या भावाचे शेअर दिले आणि घेणारा ब्रोकर रातोरात पसार झाला. भावाचे पैसे भाऊंनी सहा वर्षं स्वतःच्या पगारातून फेडले. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यात नवल काय?

आता तो भाऊ हयात नाही. त्याच्या मागे राहिलेले सगळे शेअर वहिनीने त्या दिवसाच्या आदल्या दिवशी आमच्याकडूनच विकले होते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि विक्रीचे पैसे आले की दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भरायचे होते. सकाळी बातमी आली, की एक मोठी ब्रोकर फर्म बुडाली. वहिनीने विकलेला तोच शेअर आदल्या दिवशी त्या फर्मने ढिगाने घेतला होता. भाऊंचा चेहरा पांढरा पडला.

साडेदहाला शेअर जमा करायची वेळ संपते. दहा वाजून दहा मिनिटांनी पाहते, तर बाकी सगळी यादी गेलेली आणि वहिनीचे शेअर भाऊंनी रोखून धरलेले. पैसे हातात पडल्याशिवाय देणार नाही म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, तुम्ही त्या फर्मला विकलंच नाहीये. सौदा झाला की मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहते. आपल्यासाठी घेणारी तीच, त्यांच्यासाठी विकणारी तीच."

"आणि तिच्याकडे पैसे कुठून येणार?"

मी सांगितलं, त्या फर्मचं मार्जिन, म्हणजे सौद्यापोटीचं तारण, आधीच कापून ठेवलेलं आहे. ते कमी पडलं तर तिची ठेव, मग कॉर्पोरेशनचा स्वतःचा पैसा आणि सगळ्या ब्रोकरांनी भरलेला फंड. तोच फंड, ज्याच्या नावाने आमचे साहेब बोटं मोडतात. उलट शेअर दिले नाहीत तर चुकलेले आपणच. ते बाजारातून लिलावात घेतले जातील आणि भुर्दंड वहिनीच्या माथी बसेल.

दहा बावीसला भाऊंनी वहिनीचे शेअर पाठवायचं बटण दाबलं. मला मात्र आवाज चढवल्याची लाज वाटली.

मग दुपारपर्यंत डबा तसाच राहिला. मी वरवर कामात होते, पण आतून घाबरलेच होते. नियम पाठ असणं वेगळं, नि कुणाच्या गुडघ्यावर तो आजमावणं वेगळं.

रोजच्याच वेळेला, ना मिनिट इकडे ना तिकडे, पैसे आले. पूर्ण आले. मला इतकं हलकं वाटलं की मी भाऊंच्या पाठीवर चक्क थाप मारली. त्यांनी डोळे पुसले आणि वहिनीला फोन लावला. बातमी तिनेही ऐकली होती, काय बुडालं म्हणून ती विचारत असावी.

"ते बुडाले, वहिनी," भाऊ म्हणाले. "तुमचे पैसे आलेत. या वेळी मला भरावे नाही लागले."