टोळाच्या पोटऱ्या

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं पाळणाघर म्हणजे दोन खोल्या, एक लांबलचक गॅलरी आणि चार कार्टी. नवरा गेल्यापासून मावशींचं घर या चौघांवरच चालायचं. शेखी मात्र अशी मिरवायच्या, की किल्ली भरलेलं मूल आणून द्या, संध्याकाळी किल्ली संपलेलं घेऊन जा. दिवसभर गॅलरीत पळापळी, गाद्यांवर उड्या, परत जाताना जिन्याची दोन आवर्तनं. आयांनी फक्त जेवू घालायचं आणि आडवं करायचं.

त्यांतला सगळ्यांत जास्त उड्या मारणारा, म्हणून त्याचं नाव टोळ. वय वर्षं तीन. आई खालच्याच मजल्यावर राहायची, तिकीट खिडकीवर कामाला. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आलेली, तिला रात्रीची झोप हवी असायची, आणि नेमकी तीच उडाली. टोळ मध्यरात्री किंचाळत उठायचा, दोन्ही पोटऱ्या धरून. सकाळी पाहावं तर पलंगावरून उड्या मारतोय. आधी तिला वाटलं, नाटकं. मग वाटलं, मावशी मारतात.

एका सकाळी तिनं जिन्यातच, चार माणसं ये-जा करत असताना, त्याची पँट वर सारून पोटऱ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. वळ नव्हता. तरी विचारलं, "मावशीनं मारलं का रे?"

"हो," टोळ म्हणाला.

मावशींची जीभ तशीही आवरणारी नव्हती. त्या वाकून म्हणाल्या, "आणि हत्तीनं पण मारलं ना, बाळा?"

"हो."

"आणि आईच्या साहेबांनी?"

"हो."

जिना फिदीफिदी हसला. आई हसली नाही. मुलाला काखोटीला मारून ती तरातरा खाली गेली. मावशींनी ते हसणं दिवसभर चघळलं. आपण काय करून बसलो, हे त्यांना संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दोन आयांनी, घरी पाहुणे आलेत असं सांगून, मुलांचे डबे, चादरी, चपला सगळं उचलून नेलं. पाहुणे आले म्हणून कोणी चादर नेत नाही. उरली एक मुलगी, तिच्या आईला दुसरी सोय सापडेपर्यंत.

तेवढ्यात आई टोळाला डॉक्टरांना दाखवून आली म्हणे. काय निघालं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. न सांगण्यानं लोकांनी काय ते ताडलं. तिला तेच हवं होतं.

मावशींना मात्र वरून सगळं ऐकू यायचं. आधी रडणं, मग आईचं ओरडणं, मग दोघांचं रडणं. आठव्या रात्री त्या उठल्या आणि खाली जाऊन दार वाजवलं. आईनं दार उघडलं. केस पिंजारलेले, रडण्याच्या बेतात. तिनं अडवलं नाही.

मावशींनी टॉवेल कोमट पाण्यात पिळला, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला, मग टोळाच्या नडग्यांवर आणि पोटऱ्यांवर गुंडाळला. टॉवेल निवल्यावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तळव्यानं संथ चोळलं. चवडा हलकेच वर वळवून पोटरी ताणली, सोडली. आई बोटांनी रगडत होती, तसं नाही. शेजारी बसून म्हणाल्या, "दुखतं रे, खरंच दुखतं. थांबेल आता." थोड्या वेळात टोळ घोरायला लागला.

उठताना त्यांची नजर फ्रिजला चिकटवलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेली. तारीख आठवडाभरापूर्वीची. सूज नाही, ताप नाही, लंगडणं नाही, मारल्याची खूण नाही. दोन्ही पायांत, फक्त रात्री: वाढीच्या वयातलं साधं दुखणं. फार पळालेल्या दिवशी जास्त. चोळा, शेका, धीर द्या. एकाच पायात दुखलं, सकाळीही राहिलं, सूज, ताप किंवा लंगडणं दिसलं, तर लगेच आणा.

"मारल्याची खूण नाही, असं लिहिलंय," मावशी म्हणाल्या. "सांगितलं नाहीस कुणाला."

"सांगते उद्या," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "नक्की सांगते, मावशी."

मावशी हलक्या पावलांनी वर गेल्या. गेल्या गेल्या चार गाद्या झटकून मांडल्याही.

सकाळी आईनं सांगितलं. जिन्यातच, त्याच माणसांना. रात्री म्हणे मावशी घरी आल्या, आणि पोराचं नेमकं कुठं दुखतं, कुठं दाबायचं, सगळं न विचारता त्यांना ठाऊक. "मला आठ दिवसांत सापडलं नाही, ते यांना कसं सापडलं?"

कोणी हसलं नाही. मावशी वरच्या पायरीवर उभ्या होत्या. चौथी आई तेवढ्यात मुलीला घेऊन येत होती. ती पहिल्या मजल्यावरूनच मागे फिरली.

त्या रात्री टोळ पुन्हा रडला. खाली नळ सुरू झाला, टॉवेल पिळल्याचा आवाज आला, आणि पाचेक मिनिटांत पोर शांत झालं. आई न ओरडता, हळू आवाजात म्हणत होती: दुखतं रे, खरंच दुखतं. वर मावशी कूस बदलून भिंतीकडे वळल्या.